राजीनाम्याआधीचे तेरा दिवस

मंगळवारी, ४ नोव्हेंबरला, दुपारी डबा उघडला आणि फोन वाजला. पुण्याच्या कन्सल्टन्सीतल्या मॅडम होत्या. "अभिनंदन मॅम, तुमचं सिलेक्शन झालंय. साडेसहा लाखांचं पॅकेज. आता तुम्ही आजच रिझाइन टाका आणि त्याची ॲक्सेप्टन्स मला पाठवा, म्हणजे ऑफर लेटर रिलीज होईल."

मागे शेडमध्ये लूमचा खडखडाट चालू होता, म्हणून मी बाहेर गेटजवळ येऊन परत विचारलं, "आधी राजीनामा आणि मग लेटर?"

"हो मॅम, प्रोसेस तशीच आहे."

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात सात वर्षं एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशन बघत होते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बँकेत जाणारे एलसीचे, म्हणजे बायरच्या बँकेच्या पैशाच्या हमीपत्राचे, कागद हे सगळं माझ्याकडे. हातात महिन्याला एकतीस हजार यायचे. पुण्यातल्या कंपनीचं काम याच लायनीतलं, पण मोठं. एक मुलाखत व्हिडिओवर झाली होती. दुसऱ्या मुलाखतीसाठी पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला गेले होते आणि रात्री परत आले होते. दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. त्या फोननं मला आनंद झाला नाही असं नाही. घास तसाच राहिला होता डब्यात.

पण माझ्या नेमणूकपत्रात नोटीस साठ दिवसांची आहे. राजीनामा दिला की मालक दुसऱ्या दिवसापासून माझ्या जागेवर माणूस शोधणार, आणि शोधायलाच पाहिजे, कारण बंदरावरचा कंटेनर कुणासाठी थांबत नाही. मग इकडची जागा गेली आणि तिकडून काहीच हातात नाही, असे साठ दिवस मी कशाच्या जोरावर काढायचे?

माझ्या मावसभावानं ते काढलेत. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तो चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात होता. त्यालाही असाच फोन आला, व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचा मेसेज आला, आणि त्यानं दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. नोटीस संपायला दहा दिवस उरले असताना तिकडून निरोप आला की पोझिशन होल्डवर गेली आहे. इकडे त्याच्या टेबलावर नवा मुलगा बसून काम शिकत होता. भाऊ पाच महिने घरी बसला, आणि नंतर जी नोकरी मिळाली ती आधीपेक्षा चार हजारांनी कमी पगाराची.

तेव्हा आम्ही दोघं एका वकिलांकडे गेलो होतो. त्यांनी मोबाइल हातात घेऊन तो मेसेज दोनदा वाचला. त्यात कंपनीचं नाव नव्हतं, पगार नव्हता, रुजू होण्याची तारीख नव्हती. पाठवणारा कन्सल्टन्सीचा मुलगा, म्हणजे कंपनीचा माणूसच नव्हे. वकील म्हणाले, "कायद्यात तोंडी करारही करार असतो. पण काय ठरलं होतं हे तुला सिद्ध करावं लागेल, आणि इथे ठरल्याचंच काही दिसत नाही." भावानं विचारलं, लेटर असतं तर त्यांना मला घ्यावंच लागलं असतं का? तर त्यांनी तेही स्पष्ट सांगितलं. एखाद्याला नोकरीवर ठेवाच, असा हुकूम खासगी कंपनीला कोर्ट सहसा देत नाही. कागद असेल तर नुकसानभरपाई मागता येते, निदान नोटीस पाठवता येते. त्यामुळे ऑफर लेटर म्हणजे नोकरीची हमी, असं मी तेव्हापासून कधी मानलं नाही. पण कोणी, कोणाला, किती पगारावर, कोणत्या तारखेला बोलावलंय हे त्या एका कागदावर बांधलं जातं. आणि तो कागद काढण्यासाठी कंपनीत खरोखर कुणाला तरी सही करावी लागते. ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची, हे मला आलेल्या फोनच्या पुढच्या आठवड्यात कळलं.

तर मी त्या मॅडमना फोनवर एवढंच सांगितलं की माझा होकार आहे, मला ही नोकरी हवी आहे, आणि कंपनीचं लेखी ऑफर लेटर मिळालं की त्याच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी मी राजीनामा देईन. मग संध्याकाळी घरी येऊन हेच मेलवर लिहिलं. मेल इंग्रजीत होता, मजकूर साधारण असा:

"आज फोनवर सांगितल्याप्रमाणे माझी निवड झाल्याचं कळलं, आभारी आहे. मला ही जागा स्वीकारायची आहे. माझी नोटीस साठ दिवसांची असून ती राजीनामा दिल्या दिवसापासून मोजली जाते. कंपनीचं ऑफर लेटर, म्हणजे पद, पगाराची फोड, कामाचं ठिकाण आणि रुजू होण्याची तारीख असलेलं पत्र, मिळाल्यावर मी पुढच्या कामाच्या दिवशी राजीनामा देऊन त्याची पोच आपल्याला पाठवीन."

मेलमध्ये 'विश्वास नाही', 'फसवणूक' असा एकही शब्द घातला नाही. समोरची बाई वाईट आहे असं मला वाटतही नव्हतं. आमच्या धंद्यात बायर फोनवर कितीही गोड बोलला, वीस वर्षांचा जुना असला, तरी पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, मेलवर आल्याशिवाय मालक सुताचा एक कोन उचलू देत नाहीत. रंगवलेलं सूत परत पांढरं होत नाही. त्यात बायरचा अपमान होतो असं कुणालाच वाटत नाही. त्याला पीओ द्यायचाच असेल तर तो देतो.

गुरुवारी मेलवर एक पत्र आलं, आणि पाठोपाठ फोन. "आलं ना मॅम लेटर? आता टाका रिझाइन."

पत्र एका पानाचं होतं. वर ठळक अक्षरात लेटर ऑफ इंटेंट, आणि लेटरहेड कन्सल्टन्सीचं. सात वर्षं मी एलसी वाचत आलेय. एलसीत मालाचं वर्णन एका प्रकारे आणि इन्व्हॉइसवर दुसऱ्या प्रकारे झालं, अगदी एक शब्द इकडचा तिकडे असला, तरी बँक डिस्क्रिपन्सी काढू शकते आणि पैसे अडकतात. त्यामुळे डोळ्याला सवय आहे. हे पत्रही मी तसंच, पेन्सिल घेऊन, ओळीओळीनं वाचलं.

पगाराच्या ओळीत लिहिलं होतं, 'वार्षिक साडेसहा लाखांपर्यंत'. त्या 'पर्यंत'खाली मी रेघ मारली. साडेपाच लाख हेही साडेसहापर्यंतच असतात. रुजू होण्याची तारीख १ जानेवारी. मी त्या गुरुवारी, ६ नोव्हेंबरला, तिथल्या तिथे राजीनामा दिला असता तरी माझे साठ दिवस ४ जानेवारीला संपत होते. म्हणजे तारीख घालताना माझ्या नोटिशीचा हिशोब कुणी केलाच नव्हता. आणि शेवटी बारीक अक्षरात ओळ होती की हे पत्र म्हणजे नोकरीचा करार नव्हे, अंतिम ऑफर कंपनीच्या मंजुरीनंतर देण्यात येईल.

या पत्रांच्या नावांत बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, माझाही होता. लेटर ऑफ इंटेंट म्हणजे आमचा विचार आहे, एवढंच. ऑफर लेटर म्हणजे या पगारावर, या अटींवर तुम्हाला घेतो, तुम्ही हो म्हणा. आणि नेमणूकपत्र, म्हणजे अपॉइंटमेंट लेटर, ते बहुतेक ठिकाणी रुजू झाल्यावरच हातात पडतं. राजीनामा द्यायचा तो मधल्या कागदावर. पहिल्यावर दिला तर घाई होते, आणि तिसऱ्याची वाट बघायला गेलं तर कुणीच थांबणार नाही. अर्थात वरचं नाव काहीही असो, आत काय लिहिलंय ते बघायचं. 'ऑफर लेटर' असं मोठ्या अक्षरात छापून खाली 'हे बंधनकारक नाही' असं लिहिलेलं असेल, तर तो पहिल्या जातीचाच कागद.

हे तीन मुद्दे मी त्याच दिवशी मेलनं कळवले. उत्तर आलं नाही.

शुक्रवारी रात्री कॉलेजातल्या एका मैत्रिणीला फोन केला. ती पुण्यात भरतीचंच काम करते. तिनं मला त्या बाजूनं चित्र दाखवलं, आणि त्यानं माझा बराच राग गेला. कन्सल्टन्सीचे पैसे उमेदवार कंपनीत रुजू झाला तरच मिळतात. पुष्कळ ठिकाणी हा दर वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याच्या पगाराइतका असतो. माझ्या बाबतीत धरला तर चोपन्न हजारांच्या आसपास. उमेदवार ऐनवेळी आलाच नाही तर दोन महिन्यांची मेहनत पाण्यात.

"आणि तुम्ही लोक तसं करता ना," ती म्हणाली. "लेटर हातात पडलं की ते दाखवून दुसरीकडे पगार वाढवून घेतात. नोटिशीच्या साठ दिवसांत तीन-तीन ऑफर गोळा करून बसतात. जुना मालक पगार वाढवतो आणि माणूस तिथंच राहतो. राजीनामा आधी टाकून घेतला की तो माणूस अर्धा तरी बांधला जातो."

"पण मग मी बांधली जाते, कंपनी मोकळीच राहते."

"म्हणून तर मधला रस्ता माग. लेटर द्या, पण त्यात अट घाला. पाच दिवसांत राजीनाम्याची पोच आली नाही तर ऑफर रद्द. त्यांचीही भीती जाते, तुझीही जाते."

मला हे फार पटलं. आमच्याकडे याचंच नाव एलसी. बायर म्हणतो माल आधी, कारखाना म्हणतो पैसे आधी, आणि शेवटी दोघांच्या मध्ये एक कागद येतो, ज्यावर लिहिलेलं असतं की अमुक कागदपत्रं अमुक तारखेपर्यंत दिली तरच पैसे मिळतील. अट घातलेला कागद दोघांच्याही कामाचा असतो.

शनिवारी मी तसा मेल केला. ऑफर लेटर आधी द्यावं, आणि स्वीकारल्यापासून पाच कामाच्या दिवसांत मी राजीनाम्याची पोच दिली नाही तर ऑफर आपोआप रद्द समजावी, अशी अट त्यातच घालावी, त्याला माझी हरकत नाही. हा मेल कन्सल्टन्सीच्या मॅडमनाच होता, पण सीसीमध्ये कंपनीच्या एचआरचा पत्ता घातला. तो मला मुलाखतीच्या बोलावण्यावरून मिळाला होता आणि कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा होता, जीमेलचा नव्हता. मध्यस्थाला बाजूला सारून परस्पर बोलायचं नाही हे मी पाळलं, कारण जागा त्यांनीच दाखवली होती. पण कंपनीला माहीतच नसावं की मी काय विचारतेय, हेही बरोबर नव्हतं.

सोमवारी सकाळीच फोन. आवाज चढलेला. "मॅम, डायरेक्ट एचआरला मेल टाकायची गरज नव्हती. दुसरा कॅन्डिडेट रेडी आहे, त्यानं रिझाइनसुद्धा टाकलंय. आज संध्याकाळपर्यंत तुमची ॲक्सेप्टन्स नाही आली तर मी काही करू शकणार नाही."

तो दिवस वाईट गेला. एका पॅकिंग लिस्टमध्ये कार्टनची संख्या चुकवली, जे माझ्याकडून वर्षात एकदा होत नाही. घरी गेले तर वडील पाटावर बसलेले, समोर भाकरी आणि शेंगाचटणी. माझ्याकडे बघूनच म्हणाले, "काय गं, जायलीस का राहायलीस?" मी सांगितलं, उद्यापर्यंत कळेल. आई म्हणाली, एवढे दुप्पट पगाराचे लोक खोटं कशाला बोलतील. वडिलांनी मात्र सांगितलं की सही न केल्यानं गेलेली नोकरी आणि सही केल्यावर गेलेली नोकरी यात फरक आहे, पहिल्यात तुझ्याकडे आजची नोकरी राहते. ते चाळीस वर्षं यंत्रमागावर होते. तोंडी बोलीवर कामावर घेतलेले आणि तोंडीच काढलेले कामगार त्यांनी डोळ्यांनी बघितलेत.

मी संध्याकाळी पोच पाठवली नाही. एका ओळीचा मेल टाकला की माझी तयारी कायम आहे, लेटरची वाट बघते आहे.

मंगळवारी दुपारी कंपनीच्या एचआर मॅडमचा स्वतःचा फोन आला. त्या शांतपणे म्हणाल्या की राजीनामा आधी मागायचा असा आमचा नियम नाही. ऑफर स्वीकारल्यावर सात दिवसांत पोच द्यायची, एवढंच आम्ही म्हणतो. आणि मग सहज बोलून गेल्या, "तुमची फाइल अजून फायनान्सकडे आहे. सीटीसीचं ॲप्रूव्हल आलं की लेटर काढते. शुक्रवारपर्यंत होईल असं वाटतं."

मी मिनिटभर गप्पच राहिले. ज्या मंगळवारी मला 'आजच टाका' म्हणत होते, त्या दिवशी त्या जागेच्या पगाराला मंजुरीच मिळालेली नव्हती. आठ दिवसांनंतरही नव्हती. मुलाखत घेणाऱ्यांना मी पसंत पडले होते हे खरं, कन्सल्टन्सीच्या मॅडमना तसं कळवलं गेलं होतं हेही खरं. कुणी खोटं बोललं नव्हतं. पण पसंती आणि मंजुरी यांच्यामध्ये एक टेबल असतं, आणि पोझिशन होल्डवर जाते ती त्याच टेबलावर. मावसभावाचं काय झालं असेल ते मला चार वर्षांनी त्या फोनवर कळलं. सिलेक्शनची बातमी विभागाकडून येते, ऑफर लेटर मात्र पैसे मंजूर करणाऱ्याच्या सहीशिवाय सिस्टीममधून निघत नाही. लेटर मागणं म्हणजे ते टेबल पार झालंय का, एवढंच विचारणं.

मी त्यांना धन्यवाद दिले आणि तीन गोष्टी विचारून घेतल्या. लेटरमध्ये पगाराची पूर्ण फोड असेल का? असेल. रुजू होण्याची तारीख माझ्या साठ दिवसांनंतरची घालता येईल का? बघू म्हणाल्या. आणि बॅकग्राउंड चेकसाठी माझ्या आताच्या कारखान्यात फोन कधी करणार? ही तिसरी गोष्ट लोक विचारायची विसरतात. ऑफरच्या आधी चौकशीचा फोन इथे आला असता तर राजीनामा न देताच मालकांना सगळं कळलं असतं. त्या म्हणाल्या, जुन्या कंपन्यांची चौकशी आधी करतो, आताच्या ठिकाणची तुमचा राजीनामा पडल्यावर. हेही मी नंतर मेलवर लिहून घेतलं.

शुक्रवारी, १४ नोव्हेंबरला, अकराच्या सुमारास लेटर आलं. कंपनीच्या डोमेनवरून, कंपनीच्या लेटरहेडवर, एचआर प्रमुखाच्या सहीनं, माझं नाव आधारवर आहे तसंच. पाच पानं होती. मी डबा खायच्या सुट्टीत बसून वाचलं आणि मागच्या कोऱ्या पानावर आकडेमोड केली.

सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ६,५०,०००. यातला 'पर्यंत' गेला होता. पण फोड बघितल्यावर चित्र निराळं दिसलं. त्यात ६५,००० व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर वर्षाअखेर मिळणारे. कंपनी स्वतःच्या बाजूनं पीएफमध्ये भरणार ते २१,६००, महिन्याला अठराशे प्रमाणे, तेही सीटीसीतच धरलेले. ग्रॅच्युइटीचे १५,६३३, म्हणजे ३,२५,००० मूळ पगाराच्या ४.८१ टक्के. ही रक्कम साधारण पाच वर्षं नोकरी केल्यावरच हातात येते, दरमहा तर मुळीच नाही. हे तिन्ही वजा केले की उरले ५,४७,७६७. त्याला बारानं भागलं, ४५,६४७. त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशन टॅक्स २०० गेला की महिन्याला हातात ४३,६४७. फेब्रुवारीत प्रोफेशन टॅक्स तीनशे, म्हणून त्या महिन्यात शंभर कमी. नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर आयकर बसत नाही, तो प्रश्न नव्हता.

कन्सल्टन्सीच्या मॅडम फोनवर 'हातात पन्नास तरी येतील' म्हणाल्या होत्या. महिन्याला सहा हजारांहून जास्त फरक. पुण्यात खोलीचं भाडं आणि दर पंधरा दिवसांनी सोलापूरला येणं-जाणं धरलं, तर हे सहा हजार लहान नाहीत. तरीही एकतीसवरून साडेत्रेचाळीस ही वाढ मला मान्य होती. पण मी ती पन्नासच्या भरवशावर नाही, साडेत्रेचाळीसच्या हिशोबावर मान्य केली. व्हेरिएबल मी हिशोबात धरलंच नाही, कारण एका कलमात लिहिलं होतं की वाटपाच्या दिवशी कर्मचारी पटावर असला तरच ते मिळेल आणि पहिल्या वर्षी जेवढे महिने काम केलं तेवढ्याच प्रमाणात.

रुजू होण्याची तारीख मात्र तीच, १ जानेवारी. सोमवारी, १७ नोव्हेंबरला, राजीनामा दिला तर माझा शेवटचा दिवस १५ जानेवारी. लेटरमध्येच पुढे होतं की दिलेल्या तारखेला रुजू न झाल्यास ऑफर रद्द करण्याचा कंपनीला अधिकार राहील. म्हणजे ही तारीख मान्य करून सही केली असती तर मी पहिल्याच दिवशी अट मोडणार होते, आणि ते कंपनीच्या मर्जीवर राहिलं असतं. नोटीस लवकर संपवायची तर उरलेल्या दिवसांचे पैसे मालकांना भरून द्यावे लागले असते, तेही त्यांनी सोडलं तर.

एचआर मॅडमना मी त्याच दुपारी दोन ओळी लिहिल्या. तारीख सोमवार, १९ जानेवारी करावी. आणि कामाचं ठिकाण 'कंपनीच्या कोणत्याही शाखेत' असं आहे, तिथे पहिली नेमणूक पुणे असा उल्लेख करावा. पुढे बदली होऊ शकते हे कलम बहुतेक ठिकाणी असतंच, त्याला मी हात लावला नाही. पगारावर घासाघीस केली नाही, कारण आकडा मुलाखतीत मीच मान्य केला होता, त्याची फोड विचारायची राहिली ही माझ्या बाजूची गोष्ट. संध्याकाळी साडेसहाला सुधारलेलं लेटर आलं. दोन्ही बदल झाले होते. आधीचं लेटर रद्द समजावं असंही मेलमध्ये होतं.

शनिवारी मी पाचही पानांवर सही करून, स्कॅन करून, स्वीकारल्याचा मेल पाठवला, कन्सल्टन्सीच्या मॅडमना सीसीत ठेवून. त्यांचाही फोन आला. "झालं ना मॅम शेवटी," म्हणाल्या. मीही त्यांचे आभार मानले. त्यांच्यामुळेच तर जागा कळली होती.

आता राहिला एकच कागद. मी स्वीकारलं, हे त्यांना मिळालं का? आपण हो म्हटलं ते समोरच्यापर्यंत पोचल्याचं आपल्याजवळ असावं, असं मला वाटलं. सोमवारी सकाळी दहाला एचआरचं उत्तर आलं, स्वीकृती मिळाली, राजीनाम्याची पोच सात दिवसांत पाठवा. हा मेल, लेटर आणि आधीचा सगळा पत्रव्यवहार मी स्वतःच्या खासगी मेलवर आणि घरच्या पेन ड्राइव्हवर ठेवला. ऑफिसच्या संगणकावर यातलं काहीच नव्हतं, पहिल्यापासून.

मग बाराला राजीनाम्याच्या दोन प्रती घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेले. एक त्यांच्यासाठी, एक पोच घेण्यासाठी. त्यांनी चष्मा लावून वाचलं, खाली ठेवलं, परत वाचलं. मला वाटलं होतं चिडतील. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पीओ आलाय का त्यांचा?"

"आलाय शेठ. सहीचा."

"सूत-बित सगळं लिहिलंय ना त्यात?"

"तारखेसकट."

त्यांनी दुसऱ्या प्रतीवर 'मिळाला' लिहिलं, सही केली, खाली १७ नोव्हेंबर टाकली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटत बोटानं दिवस मोजत जानेवारीवर आले. चौदा तारखेच्या संक्रांतीवर, ऐन सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत, त्यांचं बोट थांबलं, तिथून एक घर पुढं सरकलं.

"म्हणजे गड्ड्यातच सुटायलीस की," ते म्हणाले, आणि जर्मनीच्या कंटेनरचे कागद कुठवर आलेत ते विचारायला लागले.